लग्नाचे लगीन का होते?

मराठीच्या बोलींमध्ये लग्नाचे लगीन होते, रक्ताचे रगत होते, शब्दाचा सबूद होतो आणि वर्षाचे वरीस होते. गोष्ट मात्र गोष्टच राहते. संत, दंड, कष्ट, मस्त, दोस्त हे शब्दही बहुधा जसेच्या तसे टिकतात. दोन्ही गटांत शेवटी जोडाक्षरच आहे. मग एक जोडाक्षर फुटते आणि दुसरे टिकते, असे का? ‘अशुद्ध उच्चार’ असे म्हणून या रूपांना बाजूला सारणे सोपे आहे, पण त्यांच्यामागे एक काटेकोर व्यवस्था आहे. ती समजायची तर उच्चारातले अक्षर म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते.

लिपीतले अक्षर आणि उच्चारातले अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कापसाला’ या शब्दात कागदावर चार अक्षरे दिसतात. तोंडाने तो शब्द काप्-सा-ला असा तीन टप्प्यांत येतो. ‘कर्म’ लिहिताना र आणि म एकमेकांना चिकटतात, पण बोलताना र् मागच्या ‘क’कडे जातो आणि कर्-म अशी फोड होते. शाळेत वृत्ते शिकताना जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू मानायचे, असा नियम पाठ करून घेतला जातो. त्याचे मूळ या फोडीतच आहे. जोडाक्षराचा पहिला अर्धा भाग मागच्या अक्षराला जाऊन मिळतो, त्याचे तोंड बंद करतो आणि ते अक्षर जड होते.

उच्चारी अक्षराचे तीन भाग मानले जातात. मध्ये शिखर असते आणि ते बहुतेक वेळा स्वराचे असते. त्याच्या आधी येणारी व्यंजने हा अक्षराचा आरंभ आणि नंतर येणारी व्यंजने हा त्याचा शेवट. शिखरावाचून अक्षर होत नाही. आरंभ किंवा शेवट मात्र रिकामा असू शकतो. ‘आ’ हे नुसते शिखर आहे, ‘का’मध्ये आरंभ आणि शिखर आहे, ‘काम्’मध्ये तिन्ही भाग आहेत. जगातल्या सगळ्या ज्ञात भाषांना ‘का’ या घडणीची अक्षरे सहज चालतात. अडचण सुरू होते ती शिखराच्या एकाच बाजूला दोन-तीन व्यंजने गोळा झाली की.

अशी गर्दी झाली तर व्यंजनांनी कोणत्या क्रमाने उभे राहायचे? याचे उत्तर ध्वनींच्या मुखरतेत आहे. ध्वनिशास्त्रज्ञ तिला सोनॉरिटी म्हणतात. सारख्याच जोराने आणि सारख्याच लांबीने उच्चारले तरी काही ध्वनी दूरवर ऐकू जातात, काही जात नाहीत. आ म्हणताना तोंड मोकळे असते आणि आवाज घुमतो. प् किंवा क् म्हणताना हवेची वाट क्षणभर पूर्ण बंद होते, म्हणून हे ध्वनी जवळजवळ मुके असतात. या दोन टोकांच्या मध्ये बाकीचे ध्वनी एका शिडीवर बसवता येतात. सर्वांत खाली क्, ट्, त्, प्, ग्, द् यांसारखे स्पर्श. त्यांच्या वर श्, ष्, स् हे घर्षणाने होणारे ऊष्म. मग म्, न्, ण् ही अनुनासिके. त्यांच्या वर ल् आणि र्, नंतर य् आणि व्, आणि सर्वांत वर स्वर. संस्कृत व्याकरणाने य्, र्, ल्, व् यांना ‘अंतःस्थ’ म्हणजे मध्ये उभे असलेले म्हटले. या शिडीवर त्यांची जागा स्पर्श आणि स्वर यांच्यामध्येच आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

युरोपात एडुआर्ट झीव्हर्स या जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि ओटो येस्पर्सन या डॅनिश अभ्यासकाने १९०४ मध्ये ही शिडी मांडली. तिच्यावरून निघणारा नियम थोडक्यात सांगता येतो. अक्षराच्या आरंभापासून शिखरापर्यंत मुखरता चढत जावी आणि शिखरानंतर उतरत जावी. म्हणजे प्रत्येक अक्षर ही एक टेकडी. ‘प्रेम्’ या उच्चारात प् खाली, र् वर, ए सर्वांत वर आणि मग म् पुन्हा खाली. चढ सरळ आहे, उतारही सरळ. हेच ध्वनी उलटे मांडून ‘र्पेम्’ म्हणायचा प्रयत्न केला, तर र् हा प्च्या खड्ड्याअलीकडे स्वतंत्र उंचवटा होऊन बसतो आणि जीभ नकळत ‘रपेम्’ करते. एका टेकडीच्या दोन टेकड्या होतात.

आता लगीनकडे वळता येईल. मराठीने शब्दाच्या शेवटचा अ टाकून दिला आहे. लिहिताना ‘घर’, बोलताना ‘घर्’. जोडाक्षरान्त शब्दांत प्रमाण मराठी हा अ जपते, म्हणून ‘लग्न’ म्हणताना शेवटी हलकासा अ ऐकू येतो आणि लग्-न अशी दोन अक्षरे होतात. बोलीने तो अ टाकायचे ठरवले की उरते ‘लग्न्’. इथे अ हे शिखर, नंतर ग् हा शिडीच्या तळाशी, आणि त्याच्या पलीकडे न् हा पुन्हा वर. उतारावर मध्येच एक उंचवटा आला. त्या उंचवट्याला स्वतःचे शिखर दिले की सगळे सुरळीत होते, म्हणून ग् आणि न् यांच्यामध्ये ई येतो आणि ल-गीन् अशी दोन सुबक अक्षरे तयार होतात. ‘संत्’मध्ये ही अडचण नाही. अ, मग न्, मग त्, सरळ उतार. ‘गोष्ट्’मध्येही ओ, ष्, ट् अशा पायऱ्या ओळीने खाली जातात. ‘रक्त्’मध्ये क् आणि त् एकाच पायरीवर आहेत. तिथे उतारच नाही, म्हणून रगत. ‘शब्द्’चेही तसेच, म्हणून सबूद.

हे स्पष्टीकरण बरोबर आहे का, हे तपासायची एक चांगली जागा मराठीच पुरवते. लगीन या शब्दाला विभक्तिप्रत्यय लागला की मधला ई नाहीसा होतो आणि ‘लगनाला’ असे रूप येते. लिहिताना तिथे अ दिसतो, पण बोलताना ते लग्-ना-ला आहे. माणूस-माणसाला, कापूस-कापसाला, बेडूक-बेडकाला या नेहमीच्या शब्दांसारखीच ही चाल आहे. न्पुढे आ हा स्वर आल्याबरोबर न् पुढच्या अक्षराचा आरंभ होतो, ग् मागच्या अक्षराचा शेवट होतो आणि दोघांना एकाच उतारावर उभे राहावे लागत नाही. अडचण गेली, म्हणून ईची गरजही गेली. ग् आणि न् हे ध्वनी तर तेच, शेजारही तोच. फरक पडला तो फक्त ते एका अक्षरात आहेत की दोन अक्षरांत वाटले गेले आहेत याचा. बोलणाऱ्याला ‘ग्न’ म्हणता येत नाही म्हणून लगीन होते, हे म्हणणे या एका रूपाने खोटे ठरते.

धरम, करम आणि वरीस या शब्दांमध्ये मात्र शिडी एकटी पुरत नाही. र् हा म् आणि ष् या दोघांच्या वर आहे, म्हणजे ‘धर्म्’ आणि ‘वर्ष्’ यांत उतार आहेच. तरीही ते फुटतात. याचे एक कारण असे की र्पासून म्पर्यंतचा उतार फार थोडा आहे, आणि काही भाषांना निव्वळ उतार पुरत नाही, ठळक उतार लागतो. पण ‘वर्ष’ला हे कारण लावताना ‘कष्ट’ का टिकतो, हा प्रश्न उरतोच. दुसरे कारण रच्या स्वभावात आहे. जिभेचे टोक वर हलकेच आपटून सुटते तेव्हा र् होतो, आणि पुढचे व्यंजन येईपर्यंत मध्ये स्वरासारखी एक फट राहते. वेदांच्या उच्चारणाचे नियम सांगणाऱ्या प्रातिशाख्य ग्रंथांनी ही फट फार पूर्वी टिपली. र् आणि पुढचे व्यंजन यांच्यामध्ये, विशेषतः पुढे ऊष्म असताना, स्वराचा जो अंश ऐकू येतो त्याला त्यांनी ‘स्वरभक्ती’ असे नाव दिले. र् आणि ष् ही तर ‘वर्ष’चीच जोडी आहे. हा शब्द पुढे युरोपीय भाषाशास्त्रज्ञांनी उचलला आणि कोणत्याही भाषेत दोन व्यंजनांच्या मध्ये शिरणाऱ्या स्वरासाठी तो आजही वापरला जातो.

स्वर घालणे हा एकच उपाय नव्हे. मराठी जिच्यातून आली त्या माहाराष्ट्री प्राकृताने याहून कडक मार्ग धरला होता. तिथे शब्दाच्या मध्ये जवळजवळ फक्त दोन प्रकारच्या जोड्या चालत: एकाच व्यंजनाचे द्वित्व, किंवा अनुनासिक आणि त्याच्याच स्थानावरचा स्पर्श. संस्कृतातली बाकीची जोडाक्षरे या साच्यात बसवताना दोघांपैकी एका व्यंजनाला जावे लागे. कोणाला, हे वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाश’ या व्याकरणात तिसऱ्या परिच्छेदाच्या आरंभीची तीन सूत्रे सांगतात. पहिल्याप्रमाणे क्, ग्, त्, द्, प् अशी स्पर्श व्यंजने आणि ष्, स् ही जोडाक्षरात आधी असली तर लोपतात. दुसऱ्याप्रमाणे म्, न्, य् ही नंतर असली तर लोपतात. तिसऱ्याप्रमाणे ल्, व्, र् ही कुठेही असली तरी लोपतात.

ही तीन सूत्रे शिडीशेजारी ठेवून पाहिली की त्यांतला क्रम उलगडतो. र् हा फार मुखर, म्हणून तो प्रत्येक लढतीत हरतो. सर्प-सप्प-साप यात तो आधी आहे, चक्र-चक्क-चाक यात नंतर. दोन्हीकडे तोच गेला. कर्म-कम्म-काम आणि पर्ण-पण्ण-पान यांत अनुनासिकाने त्याला हरवले. पण तेच अनुनासिक स्पर्शासमोर उभे राहिले की मागे हटते: अग्नी-अग्गी-आग. दोन्ही स्पर्श एकाच पायरीवर असले की मुखरता निवाडा करू शकत नाही. तिथे पुढच्या स्वराला चिकटलेले, म्हणून अधिक स्पष्ट ऐकू येणारे दुसरे व्यंजन टिकते: सप्त-सत्त-सात, भक्त-भत्त-भात, दुग्ध-दुद्ध-दूध. थोडक्यात, कमी मुखर ते टिकाऊ. व्यंजन जितके स्वरापासून दूर, तितके ते स्वराच्या शेजारी उठून दिसते. वररुचीने मुखरता हा शब्द वापरलेला नाही, शिडीही काढलेली नाही. तरी त्याच्या समोरची सामग्री त्या शिडीवरच रचलेली होती, आणि ती त्याने अचूक वर्गांत लावली.

या चित्रात न बसणारा एक ध्वनी सगळ्या भाषाशास्त्रज्ञांना छळतो. तो म्हणजे शब्दाच्या आरंभीचा स्. शिडीवर स् हा ट् किंवा क् यांच्या वर आहे. म्हणून ‘स्टेशन’मध्ये मुखरता आधी उतरते आणि मग चढते. नियमाप्रमाणे असे आरंभ दुर्मीळ असायला हवेत. प्रत्यक्षात संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या सगळ्यांत ते भरपूर आहेत. यावर एक मत असे की हा स् टेकडीचा भागच नाही, तो अक्षराच्या कुंपणाबाहेर उभा असतो. दुसरे मत असे की स्चे घर्षण स्वराच्या आधाराशिवायही कानाला स्पष्ट कळते, म्हणून त्याला सूट मिळते. कोणतेही मत घेतले तरी एक गोष्ट दिसते: ही जोडी मोडताना भाषा तिला इतर जोड्यांपेक्षा वेगळी वागणूक देतात.

ग्लासचे गिलास होते, प्लेटची पिलेट, फ्रॉकचे फराक, ट्रकचा टरक. या सगळ्यांत मुखरता चढती आहे आणि स्वर दोन व्यंजनांच्या मध्ये शिरतो. स्टेशनचे मात्र इस्टेशन होते आणि स्टोव्हचा इस्टो. स्वर बाहेर, स्च्या आधी येतो. हा फरक केवळ स्मुळे पडला असे म्हणावे तर ‘स्लेट’ आडवी येते. हिंदीभाषकांच्या तोंडी तिची ‘सिलेट’ होते, ‘इस्लेट’ नाही. स्ल् ही चढती जोडी आहे, म्हणून ती ग्ल्, प्ल् यांच्या पंगतीला बसते. इ पुढे आल्यावर इस्-टे-शन अशी फोड होते, स् मागच्या अक्षराचा शेवट होतो आणि तिथून टेपर्यंतची वाट सरळ होते. लॅटिन ‘स्कोला’ची स्पॅनिशमध्ये ‘एस्क्वेला’ झाली ती याच मार्गाने. पंजाबी मात्र ‘सटेशन’, ‘सकूल’ म्हणते, म्हणजे स्वर मध्येच घालते. तेव्हा अडचण कुठे आहे ते मुखरता दाखवते. दुरुस्ती कशी करायची ते प्रत्येक भाषा आपले आपण ठरवते. मराठी बोलींत ‘ठेसन’ असाही एक उच्चार आहे. त्यात स् गेला आणि ट्चा ठ् झाला. स्तन-थान, हस्त-हत्थ-हात या जुन्या शब्दांतही स् असाच जाताना मागे महाप्राण ठेवून गेला होता.

चढ किती मोठा हवा, हेही भाषेगणिक बदलते. संस्कृतला ‘घ्न’, ‘ज्ञ’ हे आरंभ चालतात, म्हणजे स्पर्शापासून अनुनासिकापर्यंतची छोटी चढणही पुरते. इंग्रजीला ती पुरत नाही. न्यूमोनियाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला पी आहे, तो ग्रीकमध्ये उच्चारला जाई. इंग्रजीने तो कागदावर ठेवला आणि तोंडातून काढला. नाइफमधला के तर इंग्रजी लोक एके काळी स्वतःच उच्चारत, नंतर तो गळाला. मराठीच्या घरगुती शब्दांकडे पाहिले तर ती याहून चोखंदळ दिसते. घ्या, द्या, प्या, त्या, ज्या, ग्वाही. आरंभीच्या जोडीतले दुसरे व्यंजन बहुधा य् किंवा व्, म्हणजे स्वरांच्या लगेच खालच्या पायरीवरचे. प्रेम, क्रम, ग्रह हे संस्कृताकडून घेतलेले आहेत. ‘ग्राम’चा प्राकृतात ‘गाम’ झाला आणि मराठीत गाव. म्हैस आणि न्हावी यांतली जोडाक्षरे फक्त लिपीत जोड आहेत. उच्चारात म्ह् आणि न्ह् हे एकेक महाप्राण ध्वनी आहेत.

इथे वृत्तांचा नियम पुन्हा उपयोगी पडतो. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू, असे सांगितल्यावर मराठी छंदशास्त्र लगेच एक अपवाद देते: पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत नसेल, तर ते लघूच राहते. ‘तुझ्या’मधला तु, ‘दुसऱ्या’मधला स, ‘कुऱ्हाड’मधला कु लघू आहेत. ‘सत्य’मधला स मात्र गुरू आहे. झ्य, ऱ्य आणि त्य या तिन्ही जोड्या चढत्याच आहेत, त्यामुळे मुखरतेच्या हिशेबाने तिन्ही पूर्णपणे पुढच्या अक्षराचा आरंभ होऊ शकतात. मराठीने घरच्या शब्दांत तसे केले: तु-झ्या. संस्कृताकडून आलेल्या शब्दात मात्र संस्कृताचीच फोड ठेवली: सत्-त्य. मुखरता एखादा आरंभ शक्य आहे एवढेच सांगते. अक्षराची सीमा कुठे पडेल, हे भाषेच्या सवयीवर राहते.

याच्या उलट, मुखरतेला मान्य असूनही भाषेला अमान्य असलेले आरंभही असतात. इंग्रजीत ‘प्ल’ आणि ‘क्ल’ चालतात, पण एकही शब्द ‘त्ल’ने सुरू होत नाही. चढ तितकाच आहे. अडचण अशी, की त् आणि ल् दोन्ही जिभेच्या टोकाने जवळजवळ एकाच ठिकाणी होतात आणि त्यांच्यातला फरक कानाला पुसट होतो. काही भाषा तर मुखरतेलाच फारसे जुमानत नाहीत. रशियनमध्ये तोंडाला ‘रोत्’ म्हणतात आणि ‘तोंडाचा’ हे सांगायला ‘र्ता’. जॉर्जियनमध्ये ‘तू आम्हाला सोलतोस’ या अर्थाचे एक क्रियारूप आठ व्यंजनांनी सुरू होते: ग्व्प्र्च्क्व्नि. त्यातला च् हा ‘चाक’मधल्या चसारखा. म्हणून हा नियम निरपवाद कायदा आहे, असे आज कोणी म्हणत नाही. मोडला जाऊ शकणारा पण सर्वत्र ओढ दाखवणारा कल म्हणूनच तो मांडला जातो.

ही ओढ येते कुठून, यावर अभ्यासकांत मतभेद आहे. आयरिस बेरेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये इंग्रजीभाषकांना ब्लिफ, ब्निफ, ब्दिफ, ल्बिफ असे अर्थहीन शब्द ऐकवले आणि प्रत्येकात अक्षर एक की दोन, असे विचारले. ब्लिफसारखे आरंभ इंग्रजीत आहेत. बाकीचे तिन्ही नाहीत. तरीही चुका सारख्या झाल्या नाहीत. ब्निफमध्ये चढ आहे, तिथे कमी लोक फसले. ब्दिफ सपाट, तिथे जास्त. ल्बिफ उतरता, तिथे सर्वांत जास्त लोकांना दोन अक्षरे, म्हणजे ‘लेबिफ’सारखे काहीतरी ऐकू आले. लग्नामध्ये ई घालणारा कान आणि हा कान एकाच शिडीवर चालतो. बेरेंट यांच्या मते ती शिडी माणसात उपजत आहे. २०११ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवले, की फक्त इंग्रजी शब्दसंग्रह दिलेल्या संगणकीय प्रारूपालाही न ऐकलेल्या आरंभांत असाच क्रम लावता येतो, म्हणजे शिडी ऐकीव शब्दांवरून शिकता येऊ शकते. मात्र बेरेंट यांच्या गटाने हाच प्रयोग २००८ मध्ये कोरियनभाषकांवरही केला होता. कोरियनमध्ये शब्दाच्या आरंभी अशा जोड्या नाहीत, तरी त्यांच्या चुका त्याच क्रमाने आल्या. जी जोडी शब्दसंग्रहात कुठेच नाही, तिच्याविषयीचा क्रम शब्दसंग्रहावरून कसा शिकला जातो, हे दुसऱ्या बाजूला दाखवावे लागते.